लैत, लअल्ल आणि मवाळ आज्ञार्थ

«अरबीत ‘लैत’ आणि ‘लअल्ल’ या दोन्हींना ‘आशा आहे’ म्हणावे का? आणि पत्रात नुसता आज्ञार्थ चालतो का?»

दोन्हींना एकच मराठी शब्द लावल्यास अर्थ बिघडतो. जे घडणार नाही, किंवा ज्याची आशा फार अंधूक आहे, त्यासाठी ‘लैत’ येते; जे घडू शकते, मग ते हवेसे असो वा भीतीचे, त्यासाठी ‘लअल्ल’ येते. म्हणून ‘लअल्ल-ल्-मुदीर-अ हादिरुन’ म्हणजे ‘साहेब बहुधा हजर असतील’, पण त्याच वाक्यात ‘लैत’ घातले की ‘साहेब हजर असते तर!’ असा हळहळीचा सूर उमटतो.

चूक होते ती पुढच्या शब्दात. दोन्ही ‘इन्न’च्या गटातील असल्याने त्यांच्यानंतर नाम किंवा सर्वनाम लागते आणि नामाच्या अंती, वरच्या ‘मुदीर-अ’प्रमाणे, ‘अ’ येतो. मराठीच्या सवयीने ‘लैत साफर्तु’ असे लिहिले जाते, ते चूक. ‘लैतनी साफर्तु’, म्हणजे ‘मी प्रवासाला गेलो असतो तर’, हे बरोबर. ‘लअल्ल’ला मात्र हा ‘न’ सहसा लागत नाही, तेथे ‘लअल्ली’ रूढ आहे.

पत्रात नुसते ‘अर्सिल’ (पाठव) वरिष्ठांना उद्धट वाटेल. त्याऐवजी ‘अर्जू अन् तुर्सिलू’, म्हणजे ‘आपण पाठवावे अशी विनंती’, असे लिहावे. येथील आदरार्थी अनेकवचन आपल्या ‘आपण’सारखेच आहे. समोरासमोर बोलताना आज्ञार्थाला ‘लव समह्त’ जोडले तरी पुरते, फक्त स्त्रीशी बोलताना ते ‘लव समह्ति’ होते.