मदत हवी आहे: y' = x + y² ची हमी फक्त 1/2 पर्यंतच का, आणि माझे तिसरे सन्निकटन का जुळत नाही?

कोरी_वही
उद्या संध्याकाळपर्यंत हे लिहून द्यायचे आहे आणि दोन दिवस मी एकाच जागी अडकले आहे. समीकरण y' = x + y² आहे. उकल अस्तित्वात आहे व ती एकमेव आहे हे दाखवून पिकार्डच्या पद्धतीने हाताने तीन सन्निकटने काढायची आहेत. दिलेल्या उत्तरात |x| ≤ 1/2 हा अंतराल आहे. x + y² तर कुठेच तुटत नाही, मग उकल अर्ध्यावर का थांबावी? शिवाय माझ्या तिसऱ्या सन्निकटनात एक पद कमी येते. तीनदा तपासले आहे. कृपया लवकर सांगा.

उभा_अक्ष
आरंभिक अट कोणती आहे? उकल कोणत्या बिंदूतून जाते आणि प्रश्नात कोणती चौकट दिली आहे, हे कळल्याशिवाय 1/2 बरोबर की चूक, काहीच सांगता येणार नाही. तुमचे तिसरे सन्निकटनही जसेच्या तसे लिहा.

सरळरेष
अटीची गरजच नाही. x + y² सगळीकडे सतत आहे, y च्या संदर्भातले आंशिक अवकलज 2y हेही सगळीकडे सतत आहे, त्यामुळे संपूर्ण वास्तव रेषेवर एकच उकल मिळते. उत्तरातला 1/2 छपाईची चूक असावी.

कोरी_वही
क्षमस्व, अट y(0) = 0 आहे, ती मी गृहीतच धरली होती. चौकट |x| ≤ 1, |y| ≤ 1 अशी आहे. माझी सन्निकटने:

```
y1 = x^2/2
y2 = x^2/2 + x^5/20
y3 = x^2/2 + x^5/20 + x^11/4400
```

चुन्याचा_फळा
आधी चुकीकडे पाहू, कारण ती तुमच्या लिखाणातच दिसते. y2 चा वर्ग करताना तुम्ही दोन्ही पदांचे वर्ग घेतले, पण मधले पद राहिले. 2 · (x²/2) · (x⁵/20) म्हणजे x⁷/20, आणि त्याचे 0 पासून x पर्यंत इंटिग्रेशन केले की x⁸/160 मिळते. तेच तुमचे हरवलेले पद आहे. तीनदा तपासूनही ते सापडले नाही याचे कारण बहुधा असे की आकडे घालून पाहिले तरी फरक जाणवत नाही: x = 1/2 ला हे पद 0.000024 इतकेच भरते. म्हणून किंमत काढण्याऐवजी y3 चे अवकलन करा आणि x + y2² पूर्ण विस्ताराने मांडून पद पदाशी लावून पाहा.

आता अंतराल. चौकटीत x + y² ची सर्वांत मोठी किंमत 1 + 1 = 2 आहे, म्हणजे चौकटीच्या आत असेपर्यंत आलेखाचा चढ कधीच 2 पेक्षा जास्त होत नाही. (0, 0) पासून निघालेल्या आलेखाला 1 उंची गाठायला त्यामुळे आडवे किमान 1/2 अंतर लागते, आणि तोवर तो वरच्या किंवा खालच्या कडेतून बाहेर पडू शकत नाही. प्रमेयातला h = min(1, 1/2) हा एवढेच सांगतो. उकल तिथे थांबते असे तो म्हणत नाही. तिथपर्यंतची हमी या चौकटीवरून देता येते, इतकाच त्याचा अर्थ.

पाऊलवाट
माझ्या प्रश्नात y' = 3y^(2/3), y(0) = 0 असे होते आणि y = 0 व y = x³ अशा दोन उकली निघाल्या. तुमचा बिंदूही (0, 0) च आहे, तेव्हा एकमेवपणा इथेही मोडत असणार.

चुन्याचा_फळा
बिंदू सारखा आहे, पण कारण बिंदूत नाही. तुमच्या उदाहरणात y च्या संदर्भातले अवकलज 2y^(-1/3) आहे आणि ते y = 0 जवळ अमर्याद वाढते, म्हणून लिपशिट्झची अट तिथे टिकत नाही. इथे चौकटीत 2y चे केवल मूल्य 2 च्या वर जात नाही, त्यामुळे लिपशिट्झ स्थिरांक 2 घेऊन एकमेवपणा मिळतो.

सरळरेष यांना: अवकलजे सगळीकडे सतत असली तरी मिळणारे आश्वासन स्थानिकच राहते. x ≥ 0 असताना y' ≥ x, म्हणून y(1) किमान 1/2 आहे. पुढे x ≥ 1 असताना y' ≥ 1 + y² होते, म्हणजे उकल tan(x − 1 + arctan(1/2)) च्या खाली जाऊ शकत नाही, आणि ते x = 2.11 च्या आधीच अनंताकडे जाते. प्रत्यक्षात आपली उकल x ≈ 1.986 ला अनंताकडे जाते. तेव्हा संपूर्ण रेषेवर ती असूच शकत नाही.

सरळरेष
उजवीकडचे मान्य करतो. पण y = −u'/u घातले तर u'' = −xu मिळते, आणि x ऋण असताना u(0) = 1, u'(0) = 0 पासून निघालेला u शून्य होतच नाही. म्हणजे डावीकडे उकल खरोखरच कायम आहे. माझे म्हणणे अगदीच निराधार नव्हते.

चुन्याचा_फळा
डाव्या बाजूबद्दल आपण बरोबर आहात.

उभा_अक्ष
चौकट बदलली तर 1/2 वाढवताही येतो. a आणि b मोकळे ठेवले तर h = min(a, b/(a + b²)); b = √a घेतल्यावर दुसरी राशी 1/(2√a) होते, आणि दोन्ही समान केल्या की a सुमारे 0.63 येतो. मी उत्तरात हेच लिहीन.

चुन्याचा_फळा
चौकट प्रश्नातच दिली असेल तर 1/2 च लिहावा. 0.63 हे वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे.

उभा_अक्ष
मला ते पटत नाही. जास्त रुंद अंतरालावर सिद्ध केलेले विधान चूक कसे ठरेल?

यंत्रमार्गी
एवढे हाताने का करायचे? 0.1 पाऊल घेऊन चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत लावा, काही ओळींत y(1) मिळते.

कोरी_वही
प्रश्नात हातानेच करायला सांगितले आहे आणि किंमत नको आहे. आता मधले पद घालून माझे तिसरे सन्निकटन असे आले:

```
y3 = x^2/2 + x^5/20 + x^8/160 + x^11/4400
```

उत्तराशी जुळले. हे x^11 पर्यंत अचूक आहे असे लिहू का?

चुन्याचा_फळा
नाही, इथे जपून लिहा. प्रत्येक फेरीत एकच नवे पद कायमचे ठरते. खऱ्या उकलीच्या मालिकेत x¹¹ चा सहगुणक 7/8800 आहे, तुमच्याकडे 1/4400 म्हणजे 2/8800 आला आहे. राहिलेला भाग चौथ्या फेरीत भरून निघतो. तेव्हा x⁸ पर्यंतची पदे अंतिम आहेत असेच म्हणा. त्रुटीची मर्यादा मागितली असेल तर M Lⁿ hⁿ⁺¹/(n+1)! मध्ये M = 2, L = 2, h = 1/2, n = 3 घाला; 1/24 येते. प्रत्यक्षातली त्रुटी x = 1/2 ला दहा लाखांश भागापेक्षाही कमी आहे, पण चौकटीच्या आधारे सिद्ध झालेली मर्यादा 1/24 च आहे आणि उत्तरात तीच द्यावी.

पाऊलवाट
लिपशिट्झ स्थिरांक वेगळा लिहावा लागतो, की आंशिक अवकलज सतत आहे एवढे पुरते? मला एकदा यावरच गुण कमी मिळाले होते.

उभा_अक्ष
बंद चौकटीवर सतत अवकलजातून लिपशिट्झ आपोआप निघते, तेवढे पुरते.

चुन्याचा_फळा
पुरते, पण त्रुटीसाठी L चा आकडा लागतोच, म्हणून |x + y² − x − z²| = |y + z| |y − z| ≤ 2|y − z| ही एक ओळ लिहून टाकणे मला श्रेयस्कर वाटते.

कोरी_वही
चौकटीचे, L चे आणि x⁸ पर्यंतचे असे तिन्ही लिहून काढते. सर्वांचे आभार.

सरळरेष
एक शंका उरली आहे. उजवीकडे ही सन्निकटने वाढत जातात आणि खऱ्या उकलीच्या खालीच राहतात, म्हणून 1.986 च्या अलीकडे ती उकलीकडेच जाणार. डावीकडे पदांची चिन्हे आलटून पालटून येतात. उकल कायम असूनही तिथे सन्निकटने तिला किती अंतरापर्यंत धरून राहतात, हे कोणी हाताने करून पाहिले आहे का?