अडतिसाव्या वर्षी ऑटिझम कळला, कंपनीत सांगू का नको?

कुपवाडकर: मी ३८ चा, कुपवाड एमआयडीसीत मशीन शॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर. पोराला ऑटिझम निघाला तेव्हा डॉक्टरांनी मलाच प्रश्न विचारायला सुरुवात केली, दोन महिन्यांनी माझंही निदान झालं. घरी फक्त बायकोला माहितीय. कंपनीत सांगू का? आणि सांगितलं तर मागायचं काय?

विश्रामबागचे काका: राग मानू नका, पण नोकरी झाली, लग्न झालं, पोरं झाली आणि आता ऑटिझम? आमच्या भावकीत असे दोघंतिघं होते, त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे आणि सांभाळून घ्यायचे. शेजारचा पोरगा बोलतच नाही, त्याला ऑटिझम म्हणतात. तुम्ही तर एवढं नीट लिहिताय. शिक्का बसला की उद्या प्रमोशनला हाच आडवा येतोय बघा.

मिरजेची ताई: काका, मी सायकॉलॉजिस्ट आहे, हेच रोज ऐकते. बोलता येतं का यावर ऑटिझम ठरत नाही. मोठ्या माणसाचं निदान करताना आम्ही आत्ताच्या वागण्याइतकंच लहानपणाचं विचारतो, जमलं तर आईला बोलावून. मिरवणुकीत ढोल वाजला की कान दाबून घरात पळायचा का, शाळेचा रस्ता बदलला की दिवसभर रडायचा का, पोरांच्यात खेळायच्या ऐवजी बाजूला उभा राहून बघायचा का. हे सगळं तेव्हा नव्हतं आणि नोकरी बदलल्यावरच सुरू झालं असेल तर मी आधी चिंता, डिप्रेशन तपासते. ऑनलाइन टेस्टवर जाऊ नका, नुसती भीड असलेल्या माणसालाही तिथं जास्त मार्क पडतात. उशिरा कळतं कारण ही माणसं समोरच्याचं बघून बघून बोलायचं कसं, हसायचं कधी हे पाठ करतात. बाहेर दिसत नाही, पण घरी आल्यावर दोन तास कुणाशी बोलायची ताकद राहत नाही.

चिन्मयची आई: माझा मुलगा ४ वर्षांचा, अजून बोलत नाही. सासूबाई म्हणतात लसीनंतर झालं. कुपवाडकर दादा, तुमच्या मुलाला स्पीच थेरपी कुठं चालू आहे?

मिरजेची ताई: ताई, लसीचा काही संबंध नाही. ज्या १९९८ च्या रिसर्च पेपरवरून हे पसरलं तो लॅन्सेट या मेडिकल जर्नलनं २०१० मध्ये मागे घेतला. मुलाचं वेगळ्या धाग्यात विचारा, तिथं सविस्तर सांगते.

एचआरवाला: एवढा विचार कशाला? २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, सर्टिफिकेट काढा, मग कंपनी काढूच शकत नाही.

मिरजेची ताई: कायद्यात आहे हे बरोबर, पुढचं अर्धवट आहे. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तर काढायचं नाही हे कलम सरकारी आस्थापनेला आहे, खासगी कंपनीनं समान संधीचं धोरण जाहीर करायला पाहिजे एवढं आहे. आणि आरक्षण वगैरे ४० टक्के दिव्यांगत्वापासून पुढं. सर्टिफिकेटची मोजपट्टी मुलांच्या वागण्याकडं बघून केलेली वाटते मला, सगळं लपवायला शिकलेला माणूस तिथं कमी भरतो.

कुपवाडकर: माझा त्रास सांगतो. सेटिंग बदललं की पहिला पीस मी पास करायचा. मागं कॉम्प्रेसर चालू, सुपरवायझर जाता जाता ओरडतो "ते जरा बघून सोड". मी ड्रॉइंग घेऊन चौदाच्या चौदा मापं घेतली, अर्धा तास मशीन उभं, शिव्या खाल्ल्या. त्याला दोन बोअरच बघायचे होते. पुढच्या वेळी दोनच बघितले तर चॅम्फर चुकलेले पीस गेले, परत मीच. "जरा" म्हणजे किती हे बाकीच्यांना कळतं, मला त्या आवाजात चेहरा बघू का शब्द ऐकू हेच ठरत नाही.

साताऱ्याचा शिफ्टवाला: दादा, आमच्याकडं सेम पोरगा आहे, मी त्याला कधी आजार विचारला नाही. जॉब कार्डवर लिहून देतो, कुठली मापं, किती पीसनंतर, कुठं अडलं तर मशीन थांबवायचं. शिफ्ट बदलायची असली की आदल्या दिवशी मेसेज. टेबल कॉम्प्रेसरपासून भिंतीपलीकडं नेलं. आता त्याच्या हातनं चुकीचा पीस क्वचित सुटतो. माझं मत, ऑटिझम हा शब्द सांगूच नका, गरज सांगा.

मिरजेची ताई: उद्या तुमची बदली झाली की नवीन इनचार्ज कार्ड बंद करणार, तेव्हा त्या पोरानं काय दाखवायचं? कागदावर काहीतरी पाहिजेच.

विश्रामबागचे काका: शिक्क्याचं माझं मत तेच आहे. पण ते लिहून द्यायचं पटलं, त्याला डॉक्टर लागत नाही.

कुपवाडकर: सोमवारी कार्डचं आणि टेबलाचं बोलतो, सुपरवायझर दोन मिनिटं मोकळा असतो तेव्हा जेवणाच्या सुट्टीत. निदानाचं अजून ठरत नाही, पोराच्या शाळेत सांगितलं तेव्हा बाई दुसऱ्याच दिवशी त्याच्याशी तुकड्या तुकड्यानं, मोठ्यानं बोलायला लागल्या होत्या.