मदत हवी आहे: नोव्हेंबरच्या पगारापासून व्हीपीएफ सुरू करायचा आहे, एचआरला नेमकं काय लिहू?

मुळाकाठ
नमस्कार मंडळी. पुण्यात एका खासगी कंपनीत आहे. मूळ पगार ५२,०००, महागाई भत्ता वेगळा नाही. पीएफ पूर्ण मूळ पगारावर कापतात, म्हणजे दरमहा ६,२४०. गाडीचं कर्ज ऑक्टोबरमध्ये फिटतंय. तो हप्ता घरखर्चात विरघळून जायच्या आत कुठेतरी अडकवायचा आहे, म्हणून नोव्हेंबरपासून दरमहा २०,००० व्हीपीएफमध्ये, म्हणजे पीएफमध्येच स्वेच्छेने जादा, टाकावेत असं ठरवलंय.

एचआरला विचारलं तर उत्तर आलं, "मेल करा." बस. फॉर्म आहे का, कधीपर्यंत द्यायचा, काही नाही. तर मेलमध्ये काय काय असायला हवं? आमचा पगार महिनाअखेरीस होतो, मग "नोव्हेंबरपासून" एवढं लिहिलं तर पुरेल का? आणि पुढे रक्कम कमी करावीशी वाटली किंवा बंदच करायचं ठरलं तर? मी नव्या करप्रणालीत आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

चिंचवडचे अण्णा
ताई, आधी अडीच लाखांचं बघा. वर्षाला त्याच्या वर रक्कम गेली की व्याजावर कर लागतो. तुमचे ६,२४० आणि कंपनीचे ६,२४० धरले तर दीड लाख आधीच भरतात. म्हणजे तुम्हाला जेमतेम लाखभर जागा. २० हजार महिना कसं बसवणार? बाकी ८०सीची सूट मिळेलच, त्यामुळे घ्या बिनधास्त.

शिरीष गुरुजी
आमच्याकडे शाळांच्या पगारप्रणालीत, शालार्थमध्ये, वर्गणीचा आकडा बदलावा लागतो, त्यासाठी मुख्याध्यापकांमार्फत अर्ज जातो. तुम्ही पे युनिटला विचारलंत का?

मुळाकाठ
गुरुजी, माझी खासगी नोकरी आहे, पे युनिट नाही. :)

जमाखर्च
गुरुजींचा भविष्यनिर्वाह निधी म्हणजे जीपीएफ, त्याचं सगळं वेगळं. इथे ईपीएफ योजनेचा विषय आहे. मी बरीच वर्षं पेरोलच्या खुर्चीत काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अण्णा, अडीच लाखांची मर्यादा खरी आहे, एप्रिल २०२१ पासून लागू आहे. पण त्यात फक्त कर्मचाऱ्याचा हिस्सा मोजतात. कंपनीचा हिस्सा त्यात येत नाही. ताईंचे ६,२४० गुणिले १२ म्हणजे ७४,८८०. म्हणजे वर्षभरात व्हीपीएफला १,७५,१२० इतकी जागा आहे. यंदा तर काहीच अडचण नाही, वर्ष संपायला थोडेच महिने उरलेत. आणि ८०सी नव्या प्रणालीत मिळत नाही. त्यांना फायदा फक्त व्याजाचा, २०२४-२५ साठी तो दर ८.२५ टक्के होता.

आता मेल. पेरोलवाल्याला पाच गोष्टी लागतात: यूएएन, रक्कम, ती १२ टक्क्यांच्या वर आहे हा खुलासा, कुठल्या पगारापासून आणि कधीपर्यंत. यातली तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात. "माझा पीएफ २०,००० करा" असं लिहिलं की समोरचा एकूण वीस हजार धरतो आणि व्हीपीएफ म्हणून १३,७६० लावतो. चूक कोणाचीच नाही, वाक्यच तसं आहे.

महिन्याचंही तेच. नोव्हेंबरचा पगार ३० तारखेला होतो, पण त्याचा पीएफ कंपनी १५ डिसेंबरपर्यंत भरते आणि पासबुकात तो डिसेंबरच्या नावाने दिसतो. म्हणून नुसतं "नोव्हेंबरपासून" नको, "नोव्हेंबर महिन्याच्या पगारापासून" लिहा. मेल पेरोल बंद व्हायच्या आधी पोचला पाहिजे. बऱ्याच ठिकाणी १५ ते २० तारखेनंतर आलेला बदल पुढच्या महिन्यावर जातो आणि हुकलेला महिना मागाहून भरून घेत नाहीत. मजकूर साधारण असा:

"माझ्या पगारातून १२ टक्के अनिवार्य वर्गणीव्यतिरिक्त दरमहा रु. २०,००० इतकी ऐच्छिक भविष्यनिर्वाह निधी वर्गणी नोव्हेंबर महिन्याच्या पगारापासून कापावी. यूएएन अमुक. माझी पुढील लेखी सूचना येईपर्यंत ही कपात चालू ठेवावी. वाढीव वर्गणीत कंपनीने हिस्सा भरण्याची माझी अपेक्षा नाही. कृपया पोच द्यावी."

शेवटून दुसरं वाक्य मुद्दाम घातलंय. लहान कंपन्या व्हीपीएफला नाही म्हणतात, त्यामागे बरेचदा "आम्हालाही तेवढेच भरावे लागतील" ही भीती असते. योजनेच्या परिच्छेद २९ मध्ये स्पष्ट आहे: कर्मचाऱ्याची इच्छा असेल तर तो जास्त वर्गणी भरू शकतो, मालकावर जास्त भरायचं बंधन नाही.

मुळाकाठ
खूप आभार! हे सगळं भरलं गेलं की नाही ते कसं कळणार? पगारपत्रकात दिसेल तेवढं पुरे ना?

जमाखर्च
पगारपत्रकात कपात दिसते, भरणा नाही. डिसेंबरच्या उत्तरार्धात पासबुक उघडा. तिथे व्हीपीएफची वेगळी ओळ शोधू नका, कंपनी दरमहा पीएफचं जे विवरण भरते त्या ईसीआरमध्ये ती रक्कम कर्मचारी हिश्श्यातच मिसळलेली असते. तुमच्या हिश्श्यात २६,२४० दिसायला हवेत. कंपनीच्या बाजूला आधीसारखेच ४,९९० आणि पेन्शनचे १,२५०. तुमच्या रकान्यात अजून ६,२४० च असतील तर पैसे कापले पण ईसीआरमध्ये गेले नाहीत. लगेच कळवा, म्हणजे पुरवणी ईसीआर भरून दुरुस्त करता येतं.

चिंचवडचे अण्णा
कंपनीचा हिस्सा धरत नाहीत हे मला खरंच नवीन. पण पुढच्या वर्षी तरी २० हजाराने वर जाणारच की.

जमाखर्च
हो, तिथे अण्णा बरोबर. पूर्ण वर्ष २० हजार चालू ठेवले तर २,४०,००० अधिक ७४,८८०, म्हणजे ६४,८८० जास्त. आता त्याचं नुकसान किती ते पाहू. एवढ्या रकमेवर पूर्ण वर्षाचं व्याज ८.२५ टक्क्यांनी साधारण ५,३५०. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर सेससह कर सुमारे १,६७०. मुद्दलावर कर नाही. पण ही जादा रक्कम करपात्र म्हणून वेगळी ठेवली जाते आणि तिच्या व्याजावर पुढेही दरवर्षी कर लागत राहतो. म्हणून जमेल तर मर्यादेच्या आत राहा, नाही जमलं तर घाबरून जाऊ नका.

ताई, एप्रिलमध्ये पगारवाढ अपेक्षित आहे का?

मुळाकाठ
हो, दहा टक्के धरून चालले आहे.

जमाखर्च
मग मूळ पगार ५७,२००, पीएफ ६,८६४. व्हीपीएफ १३,५०० वर आणायचा असं ठरवलं समजा. आता कधीपासून कमी करायचा हे बघा, इथे गंमत आहे. ईपीएफओचं वर्ष मार्चच्या पगाराने सुरू होतं, कारण तो पीएफ एप्रिलमध्ये भरला जातो. शेवट फेब्रुवारीच्या पगाराने. तुम्ही "एप्रिलच्या पगारापासून कमी करा" असं लिहिलंत तर मार्चचे २०,००० नव्या वर्षात मोजले जातात. व्हीपीएफ २०,००० अधिक अकरा महिने १३,५००, म्हणजे १,६८,५००. पीएफ ६,२४० अधिक अकरा महिने ६,८६४, म्हणजे ८१,७४४. बेरीज २,५०,२४४. दोनशे चव्वेचाळीस रुपयांनी मर्यादा ओलांडली! तेच मार्चच्या पगारापासून कमी केलंत तर २,४३,७४४. म्हणजे दुसरा मेल मार्चच्या पहिल्या आठवड्यात गेला पाहिजे.

कंपनीचा फॉर्म १६ मात्र एप्रिल ते मार्च पगार धरतो. त्यामुळे दोन्ही हिशेबांत आत बसेल असा आकडा घ्या.

गोदाकाठ
माझा अनुभव वेगळा आहे. नाशिकला होतो तेव्हा व्हीपीएफ सुरू केला आणि ऑगस्टमध्ये मुलीच्या प्रवेशाची फी आली. मी बंद करा म्हटलं, तर एचआर म्हणे आमच्या धोरणाप्रमाणे एप्रिलशिवाय बदल नाही. शेवटी पीएफमधूनच अॅडव्हान्स काढला. एका हाताने भरतोय, दुसऱ्या हाताने काढतोय! "ऐच्छिक" आहे तर बंद करायला नाही कसं म्हणू शकतात?

जमाखर्च
गोदाकाठ, महिन्याचं बंधन योजनेत नाही, ते कंपनीच्या धोरणात असतं. काही ठिकाणी फक्त एप्रिल, काही ठिकाणी एप्रिल आणि ऑक्टोबर. कारण प्रत्येक बदलाने टीडीएसचा अंदाज आणि पेरोलची जुळणी हलते. माझ्या हाताखाली असं प्रकरण आलं की मी कारण लिहून घ्यायचो, वरच्यांची सही घ्यायचो आणि थांबवायचो. दुसऱ्याच्या पगारातून त्याच्या मर्जीविरुद्ध ऐच्छिक कपात चालू ठेवायला मला तरी पटत नव्हतं. पण सगळे तसं करत नाहीत. म्हणून सुरू करण्याआधीच "मध्ये थांबवता येईल का" हे मेलवर विचारून घ्या, तोंडी नको.

आणि थांबवलं म्हणजे आधीचे पैसे परत मिळत नाहीत. ते काढायचे तर पीएफचेच नियम.

मुळाकाठ
एचआरचं उत्तर आलं! फॉर्म आहे म्हणे. पण त्यात रक्कम लिहायला जागाच नाही, फक्त टक्केवारी आणि तीही पूर्णांकात. आणि खाली बारीक अक्षरात, "बदल एप्रिल व ऑक्टोबरमध्येच स्वीकारले जातील." म्हणजे नोव्हेंबर हुकला का? आणि मार्चचं काय?

जमाखर्च
फॉर्म लगेच द्या आणि ऑक्टोबरच्याच पगारापासून लावायला सांगा. हप्ता फिटायचा महिना अंगावर येईल, तेवढं सोसवेल का ते बघा. ३८ टक्के म्हणजे १९,७६०.

टक्केवारीची अडचण एकच. पगार वाढला की रक्कमही आपोआप वाढते. ३८ टक्के तसेच राहिले तर वाढीनंतर दरमहा २१,७३६ जातील. पुढच्या वर्षासाठी २४ टक्के धरले तर ५७,२०० वर ते १३,७२८ होतात. पण बदल एप्रिलपासूनच घेत असतील तर मार्चचे १९,७६० नव्या वर्षात येतात आणि २४ टक्क्यांनी बेरीज २,५२,५१२ होते. २३ टक्के घेतलेत तर २,४६,२२०. म्हणून २३ लिहा.

मुळाकाठ
ऑक्टोबरला ओढाताण होईल, पण बघते घरी विचारून. आज एचआरला दोन प्रश्न मेल केले: ऑक्टोबरच्या पगारासाठी शेवटची तारीख कोणती आणि अडचणीत मध्येच थांबवता येतं का. उत्तर आलं की इथे टाकते.

गोदाकाठ
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नक्की टाका. आणि जमाखर्च, नवीन कंपनीत गेलो की जुना व्हीपीएफ आपोआप चालू राहतो का हो?

जमाखर्च
नाही. यूएएन तोच राहतो, पण व्हीपीएफची सूचना त्या मालकापुरती. नव्या ठिकाणी नव्याने लिहून द्यावं लागतं.

चिंचवडचे अण्णा
आमच्या कंपनीचा पीएफ स्वतःच्या ट्रस्टकडे आहे. तिथेही हा मार्चचा हिशेब असाच धरायचा का? कुणाला अनुभव आहे?