न की ण: ‘पाणी’ आणि ‘कारण’ यांची वाट वेगळी

> ‘कारण’, ‘पाणी’, ‘पण’ यांत ण, मग ‘पान’मध्ये न का? नियम आहे की पाठच करायचं?

नियम आहेत, पण दोन. आधी शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आलाय का ते बघा.

तसा असेल, तर त्याच शब्दात आधी ऋ, र किंवा ष असला की पुढच्या न चा ण होतो. मध्ये स्वर, क-वर्ग, प-वर्ग, य, व, ह आले तरी चालतं: कारण, ग्रहण, रामायण. च-ट-त वर्ग, ल, श किंवा स आडवा आला की न तसाच राहतो: रचना, कीर्तन, दर्शन.

‘पाणी’त मात्र र कुठेच नाही. मूळ ‘पानीय’. प्राकृतात दोन स्वरांमधल्या एकट्या न चा ण झाला आणि तोच मराठीत उतरला. ‘पुनः’चं ‘पण’, ‘स्थान’चं ‘ठाणे’ असंच झालं. उलट जिथे प्राकृतात जोड ‘ण्ण’ होता, तिथे मराठीने न धरला: पर्ण, पण्ण, पान. कर्ण, कण्ण, कान. म्हणजे मुळात ण असलेल्या ‘पर्णा’चं ‘पान’ झालं आणि न असलेल्या ‘पानीया’चं ‘पाणी’! मला ही अदलाबदल फार आवडते. (‘मद्यपाना’तलं ‘पान’ निराळं, ते थेट संस्कृत.)

फसगत होते ती पहिला नियम सगळीकडे लावल्यावर. ‘कारखाना’ फारसी आणि ‘करून’मधला ‘ऊन’ मराठी प्रत्यय, म्हणून आधी र असूनही दोन्हींत न च.