रात्रपाळीत लॉगिन बंद पडल्याचे अनुभव सांगा

मिरजकरीण: सपोर्टमध्ये रात्रपाळी करणाऱ्यांनो, मध्यरात्री अचानक कुणालाच लॉगिन होईना असं झालंय का? कारण कसं शोधलंत ते सविस्तर लिहा. मी नुकतीच या कामाला लागलेय.

वारणाकाठ: झालंय ना. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचं सॉफ्टवेअर आम्ही सांभाळतो. जानेवारी २०२५, हंगाम जोरात. रात्री १२ ला पाळी बदलते, काट्यावरचा क्लार्क उठतो आणि दुसरा स्वतःच्या आयडीने बसतो. पाच-दहा मिनिटांत फोन, "साहेब पासवर्ड घेईना, बाहेर ट्रॅक्टरची लाईन लागलीय." स्क्रीनवर 'युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा'. रिसेट करून दिला, तरी तेच. मग लॅबवाले, स्टोअरवाले, सगळ्यांचं तेच, आणि नेमकं पाळी बदलतानाच झालं म्हणून सगळ्यांचा संशय पाळीच्या सेटिंगवर.

मला एक गोष्ट खटकली. आधीच्या पाळीतल्या क्लार्कची स्क्रीन उघडीच होती आणि तिच्यावर वजनं नीट पडत होती. म्हणजे ॲप चालू, डेटाबेस चालू, अडतंय ते फक्त नवीन माणूस आत येताना. त्याला म्हटलं, दादा काही झालं तरी लॉगआउट करू नका. बिचारा थांबला, त्याच्याच आयडीवर गाड्या पुढे सरकल्या आणि नंतरच्या खेपांची रजिस्टरला वेगळी नोंद ठेवली.

मग ॲप सर्व्हरचा लॉग उघडला. लॉगिनच्या ओळीच्या बऱ्याच खाली `CertificateExpiredException` आणि पुढे `NotAfter: Mon Jan 20 23:59:59 IST 2025`. पासवर्ड तपासणाऱ्या एलडॅप सर्व्हरचं सर्टिफिकेट संपलेलं, ॲप त्याच्याशी जोडणीच करेना, आणि कुठलीही अडचण आली की 'पासवर्ड चुकीचा' हेच दाखवायचं असं कुणीतरी लिहून ठेवलेलं. चीड येते अशा मेसेजची, माणूस उगाच चुकीच्या दिशेला पळतो.

कास_पठार: यात लॉग बघायची पण गरज नाही, सर्व्हरचं घड्याळ एक दिवस मागे घ्यायचं, लगेच चालू होतं. आम्ही साताऱ्यात एकदा केलंय.

वारणाकाठ: चालू होईल हो, तारीख ॲप सर्व्हरच्या घड्याळावरूनच तपासली जाते. पण काट्याच्या पावतीवर तीच तारीख छापते आणि त्यावर शेतकऱ्याचं बिल निघतं. रात्री ३०-४० गाड्यांवर कालची तारीख पडली तर सकाळी शेतकी विभागात रांग लागेल. मी नाही केलं, कुणी करूही नये.

कृष्णामाई: माझं पण सर्टिफिकेट असंच संपलं होतं! ई-टेंडर भरायच्या शेवटच्या दिवशी पेनड्राइव्हसारखं ते टोकन लावलं तर सही घेईना, दोन वर्षं संपलेली. कोल्हापूर रोडच्या माणसाकडून नवीन करून घेईपर्यंत टेंडर गेलं. ते पण घड्याळ मागे घेऊन चाललं असतं का?

वारणाकाठ: ताई ते तुमच्या सहीचं, हे सर्व्हरच्या ओळखीचं. तिथे वेळ त्यांच्या पोर्टलवरची धरतात, तुमच्या पीसीची नाही, त्यामुळे नसतं चाललं.

आता खरी गंमत पुढे आहे. दिवसपाळीच्या टीमला विचारलं तर म्हणाले सर्टिफिकेट आठवड्यापूर्वीच बदललंय. सर्व्हरवर जाऊन फाइल बघितली, खरंच नवीन, पुढच्या जानेवारीपर्यंतची. मग एलडॅपच्या ६३६ नंबरच्या पोर्टलाच विचारलं:

```
openssl s_client -connect ldap.karkhana.local:636 \
  </dev/null 2>/dev/null | openssl x509 -noout -enddate
notAfter=Jan 20 18:29:59 2025 GMT
```

GMT मधले १८:२९:५९ म्हणजे आपले रात्रीचे ११:५९:५९. डिस्कवर नवीन फाइल पण चालू सर्व्हिसच्या मेमरीत जुनंच सर्टिफिकेट, कारण फाइल बदलल्यावर सर्व्हिस रिस्टार्ट केलीच नव्हती. रिस्टार्ट केली, तीच कमांड परत मारली, नवीन तारीख दिसली, आणि पुढच्या फोनला क्लार्कच म्हणाला "लागलं साहेब". तारीख नेहमी पोर्टवरून बघा, फाइलवरून नको.

रात्रकिडा_कराड: सेम. आमच्याकडे लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं होतं, रिन्यू आपोआप व्हायचं पण वेबसर्व्हर रीलोड करणारी ओळच स्क्रिप्टमध्ये नव्हती. ब्राउझर निदान लाल पान तरी दाखवतो, तुमच्यासारखं आतल्या आत दोन सर्व्हरमध्ये झालं तर कुणाला दिसतच नाही.

मिरजकरीण: दादा, पण रिस्टार्ट दिवसा का नाही केली त्यांनी?

वारणाकाठ: हंगामात काटा एक मिनिटही बंद नको असं कारखान्याचं म्हणणं. सर्व्हिस उठायला तेवढाच वेळ लागतो खरं तर, आणि जुनी लॉगिन्स तुटतही नाहीत. तरी परवानगी कुणाची घ्यायची, आयटीवाल्यांची की शेतकी अधिकाऱ्यांची, हे अजून ठरलेलं नाही. मी रोज पोर्टवरची तारीख बघणारी स्क्रिप्ट लावलीय, ३० दिवस राहिले की मेल येतो.

कास_पठार: मेल कुणाला जातो? दिवसपाळीलाच ना?

वारणाकाठ: सध्या दोन्ही पाळ्यांना.