उत्तर: मिक्सर आणि हॉलचा माइक एकत्र केल्यावर आवाज घुमतो

"भजनाच्या रेकॉर्डिंगचे दोन्ही ट्रॅक एकत्र केले की बुवांचा आवाज डबल ऐकू येतो, हॉलचा माइक काढूनच टाकू का?"

काढू नका हो, टाळ-पखवाज आणि मागच्या टाळकऱ्यांचा गजर त्यातच तर आहे. पखवाज मुळातच दणदणीत, म्हणून साउंडवाला मिक्सरवर तो कमीच ठेवतो, त्यामुळे नुसत्या मिक्सरच्या ट्रॅकवर बुवा एकटेच गातायत असं वाटतं. डबल होण्याचं कारण अंतर. आवाजाला एक मीटर जायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणजे माइक स्पीकरपासून 12 मीटरवर असेल तर तो ट्रॅक जवळपास 35 मिलिसेकंद मागे पडतो. सुरुवातीला बुवांच्या माइकजवळ टाळ एकदा खणकन वाजवून घ्या, मग ऑडॅसिटीमध्ये झूम करून दोन्ही ट्रॅकवर तो टोक आलेला ठोका शोधा आणि हॉलचा ट्रॅक तेवढा डावीकडे ओढा. आता मिक्सरचा ट्रॅक मुख्य ठेवून हॉलचा हळूहळू वाढवा, गजर अंगावर आला पण शब्द अजून स्वच्छ आहेत तिथे थांबा.

अजून एक, मिक्सरचं रेकॉर्डिंग एका मशीनवर आणि हॉलचं मोबाईलवर असेल तर दोघांची आतली घड्याळं तंतोतंत सारख्या वेगाने चालत नाहीत, म्हणून अभंगाला जुळलेलं दोन तासांनी आरतीला परत डबल ऐकू येतं. शेवटीही टाळाचा एक ठोका घ्या, तिथे फरक दिसला तर मोबाईलचा ट्रॅक तेवढा ताणा किंवा आखडा, नाहीतर मधल्या शांत जागी कापून पुन्हा जुळवा. दोन इनपुटवाला एकच रेकॉर्डर मिळाला तर ही घड्याळांची भानगडच नाही.