मदत हवी आहे: सप्टेंबरमध्ये एमएससी, एफडी आत्ताच मोडू का?

कोथरूडकर_ओंकार: ऑफर आली आहे. फी, व्हिसा, राहण्याची सोय, आठ महिन्यांत काय कधी करायचं? बाबांची एफडी मोडायची म्हटलं तर बँकवाले थांबा म्हणतात. लवकर सांगा, घरात रोज यावरूनच वाद होतात.

सायली_म: देश कोणता?

हडपसर_ते_आखेन: आधी एपीएसचं बघ, मग ब्लॉक्ड अकाउंट. माझं एपीएस रखडलं आणि सगळंच लांबलं.

कोथरूडकर_ओंकार: जर्मनी नाही हो, यूके. लीड्स. कोर्स २१ सप्टेंबरला सुरू.

नितीन_काका: कन्सल्टंटला पैसे देऊ नकोस, सगळं स्वतः होतं. एफडी आजच मोड, पैसे खात्यात जितके जुने तितके चांगले.

सायली_म: काका, जुने असून उपयोग नाही, व्याज मात्र बुडेल. व्हिसासाठी पैसे सलग २८ दिवस खात्यात हवेत आणि त्या २८ दिवसांचा शेवट व्हिसाच्या अर्जाच्या आधी ३१ दिवसांच्या आतला हवा. ओंकार, युनिव्हर्सिटीकडून कॅस, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याचं व्हिसासाठीचं पत्र, मिळाल्याशिवाय अर्ज करता येत नाही. समज, कॅस जुलैमध्ये आलं. १५ जूनला पैसे बचत खात्यात आले तर १२ जुलैला २८ दिवस भरतात आणि त्या स्टेटमेंटवर १२ ऑगस्टपर्यंत अर्ज चालतो. मधे एक दिवस जरी शिल्लक कमी झाली तरी व्हिसा नाकारला जाऊ शकतो, म्हणून त्या खात्यातून कुणी काही काढायचं नाही. लंडनबाहेर राहण्याखर्चाचे १०,५३९ पाउंड, शिवाय उरलेली फी. भरलेलं डिपॉझिट कॅसवर दिसतंय ना ते तपास, दिसलं तर वजा होतं. पाउंडचा भाव चढतो, थोडे जास्तच ठेव.

नितीन_काका: एफडीची पावती दाखवली तरी चालतं. आमच्या भाचीचं चाललं.

सायली_म: मुदतीआधी मोडता येते असं बँकेचं पत्र असेल तर कदाचित. मी तरी जोखीम घेणार नाही.

हडपसर_ते_आखेन: शैक्षणिक कर्ज का नाही काढत?

सायली_म: कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर असेल तर २८ दिवसांची अट नाही, पत्र सहा महिन्यांच्या आतलं हवं. पण इथे पैसे बाबांचे आहेत, म्हणून त्यांचं संमतिपत्र आणि तुझा जन्मदाखला लागेल. दाखल्यावर तुझं नाव आहे ना?

कोथरूडकर_ओंकार: आत्ता काढून बघितला. आईबाबांची नावं आहेत, माझ्या नावाची जागा कोरी!

सायली_म: मग एफडी राहू दे, उद्याच महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जा. या कामाला किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो. टीबी तपासणी मे-जूनमध्ये कर, सर्टिफिकेट सहाच महिने चालतं. हॉस्टेलचा अर्ज व्हिसासाठी अडवून ठेवू नकोस, त्याची मुदत आधी संपते. ऑफरच्या मेलमध्ये तारीख असेल.

कोथरूडकर_ओंकार: मेलमध्ये डिपॉझिटचीच तारीख आहे, ३० एप्रिल. हॉस्टेलचं त्यांनाच विचारतो. दाखल्यावर नाव चढवायला शाळा सोडल्याचा दाखला पुरतो का? कुणी पुण्यात नुकतंच केलंय?